शनिवारचा अहवाल अर्ध्या मिनिटात कळावा

कळमन्याच्या बाजारभावाचा तक्ता रोज पाहणाऱ्या माणसाला तो वाचावा लागत नाही. शेतमाल, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर हा क्रम त्याच्या नजरेला पाठ असतो. तुरीची ओळ सापडली की नजर सरळ शेवटच्या रकान्यावर जाते आणि माणूस पुढच्या कामाला लागतो. उद्या कोणी हा क्रम बदलला, सर्वसाधारण दर मधे घातला आणि आवक शेवटी नेली, तर आकडे सगळे खरे असूनही आठवडाभर लोक चुकीचा भाव सांगत फिरतील.

आपल्या कार्यालयांत, संस्थांत, शेतकरी कंपन्यांत दर आठवड्याला टीमचा एक अहवाल निघतो. व्हॉट्सॲपवर, ईमेलवर किंवा कागदावर. त्याला बहुतेक ठिकाणी ही साधी सोय नसते. लिहिणारा दर शनिवारी नव्याने निबंध लिहितो. त्या आठवड्यात जे जास्त डोक्यात असेल ते आधी येते, उरलेले आठवेल तसे. वाचणाऱ्याला दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे लागते आणि त्याला तेवढा वेळ नसतो. मग तो वाचणे सोडतो आणि फोन करून विचारतो. अहवाल लिहिण्याचे श्रम वाया जातात, फोनचेही वाढतात. असा अहवाल लिहिणाऱ्यांना आणि मागवणाऱ्यांना माझी विनंती आहे की आपल्या अहवालाचा एक साचा ठरवा आणि तो हलू देऊ नका. तो कसा ठरवायचा, ते मी नागपूर जिल्ह्यातल्या कपाशीच्या कामावरून सांगतो, कारण या कामात आठवडा चुकला की बोंडे जातात.

आधी दोन सरकारी पत्रके पाहू, कारण त्यांनी हा प्रश्न पूर्वीच सोडवलेला आहे. पहिले केंद्रीय जल आयोगाचे. देशातल्या मोठ्या धरणांच्या साठ्याचे हे पत्रक दर गुरुवारी निघते. त्यात ज्या तोतलाडोह धरणावर नागपूरचे पाणी अवलंबून आहे, त्याचीही ओळ असते. आजचा साठा, गेल्या वर्षी याच सुमारास होता तो साठा आणि गेल्या दहा वर्षांची सरासरी, हे तिन्ही आकडे एकाच ओळीत मिळतात. नुसता ‘साठा ४५ टक्के’ असा आकडा दिला असता तर तो चांगला की वाईट हे सामान्य माणसाला कळले नसते. शेजारी तुलना ठेवल्यामुळे अर्थ लावण्याचे काम पत्रकानेच केलेले असते. आपल्या अहवालात एकही आकडा एकटा ठेवू नका. शेजारी निदान मागच्या आठवड्याचा तरी हवाच.

दुसरे हवामान खात्याचे. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज आपण रोज ऐकतो. त्यातले शब्द साधे वाटतात, पण त्यामागे मोजमाप पक्के ठरलेले आहे. ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस म्हटले की विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘मुसळधार’ म्हटले की २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. हंगामातला पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त या पट्ट्यात असेल तर तो ‘सामान्य’. वजा २० झाला की ‘तुटीचा’. लिहिणारा अधिकारी बदलला, त्याचा स्वभाव सावध असला किंवा उतावळा असला, तरी शब्द बदलत नाही. हे शब्द मराठीत ऐकून ऐकून लोकांच्या ओळखीचे झाले आहेत. याच्या उलट आपल्या अहवालांत ‘काम समाधानकारक’, ‘जवळपास पूर्ण’, ‘थोडी अडचण’ असले शब्द असतात. ‘जवळपास पूर्ण’ म्हणजे उद्या होणार की महिन्याने, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता कपाशीकडे येतो. समजा, नागपुरात बसणारा एक समन्वयक आहे आणि काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, हिंगणा या पाच तालुक्यांत त्याचे पाच सहकारी फिरतात. काम गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवण्याचे. २०१७ साली या अळीने विदर्भात काय केले ते इथल्या कापूस उत्पादकांना सांगायला नको. ठरवलेल्या शेतांत हेक्टरी पाच याप्रमाणे कामगंध सापळे लावलेले आहेत. सहकारी रोज सकाळी सापळ्यात रात्री अडकलेले पतंग मोजतो, आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक शेतातली २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहतो. अळी बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड निरोगी दिसते, म्हणून फोडल्याशिवाय इलाज नाही.

या कामात आर्थिक नुकसानीची पातळी आधीच ठरलेली आहे. सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग सलग तीन दिवस सापडले, किंवा दहा टक्के फुले वा बोंडे किडलेली निघाली, म्हणजे २० पैकी दोन बोंडांत अळी सापडली, की उपाय करण्याची वेळ आली. वर्धा मार्गावरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग वर्षानुवर्षे हीच भाषा बोलत आले आहेत. आपल्या अहवालाचा कणा यातूनच मिळतो.

या टीमचा अहवाल साधारणपणे कसा येतो ते पाहा. ‘नमस्कार. या आठवड्यात पाचही तालुक्यांत भेटी सुरू होत्या. सावनेर भागात मंगळवार ते गुरुवार जोरदार पाऊस झाल्यामुळे रस्ते खराब होते, तरी सहकाऱ्यांनी प्रयत्न केले. काटोल आणि हिंगण्यात पिकाची स्थिती चांगली आहे. नरखेडला सापळ्यांचे ल्युर बदलण्यात आले. शेतकऱ्यांचा प्रतिसाद उत्तम आहे. कळमेश्वरमध्ये काही शेतांत पतंगांचे प्रमाण वाढलेले दिसते, त्यावर लक्ष ठेवून आहोत. तीन गावांत बैठका घेण्याचा विचार आहे, गाडीची व्यवस्था झाल्यास बरे होईल. धन्यवाद.’

यात खोटे काहीच नाही. पण कळमेश्वरची बातमी सहाव्या-सातव्या वाक्यात आहे, आणि ती ‘वाढलेले दिसते’ या शब्दांत पुरलेली आहे. गाडी हवी की नको, कोणाकडून हवी, कधीपर्यंत हवी, हे ‘झाल्यास बरे होईल’ यातून कळत नाही. सावनेरला सापळे पाहिले की नाही, हे तर वाचणाऱ्याने ताडायचे. समन्वयक हे शनिवारी रात्री चाळतो, ‘छान’ असा अंगठा दाखवतो आणि सोमवारी कळमेश्वरच्या शेतकऱ्याचा फोन येतो.

आता हीच माहिती साच्यात घालू; कंसात मागच्या आठवड्याचे आकडे आहेत.

```
साप्ताहिक ३६ | लाल १, पिवळा १, नोंद नाही १ | निर्णय १
थोडक्यात: कळमेश्वरला बोंडअळी पातळी ओलांडून गेली.
निर्णय हवा: मंगळवारी ३ गावांत बैठका, गाडी हवी.
            समन्वयकांनी सोमवार दुपारी १२ पर्यंत कळवावे.
काटोल: हिरवा. पतंग ३ (२). बोंडे ०/२० (०/२०).
नरखेड: पिवळा. पतंग ६ (३). बोंडे १/२० (०/२०).
सावनेर: नोंद नाही. पावसाने सापळे पाहता आले नाहीत,
        सोमवारी पाहणार.
कळमेश्वर: लाल. पतंग ९ (५). बोंडे २/२० (०/२०).
हिंगणा: हिरवा. पतंग १ (१). बोंडे ०/२० (०/२०).
मागचे राहिलेले: झाले. नरखेडचे ल्युर, बुधवारी.
पुढचा आठवडा: पाचही तालुक्यांत बोंडे फोडून तपासणी.
इतर: काही नाही.
```

हा अहवाल पहिल्या शनिवारी वाचणाऱ्याला थोडा रुक्ष वाटेल. चौथ्या-पाचव्या शनिवारी त्याची नजर आपोआप तीन ठिकाणी जाऊ लागेल: मथळ्यातला लालचा आकडा, ‘निर्णय हवा’ची ओळ, आणि आपल्या तालुक्याची ओळ. तेवढ्यात त्याचे काम होते. उरलेले ज्याला हवे तो वाचेल.

यातली प्रत्येक गोष्ट का अशी आहे, ते आता जरा सावकाश सांगतो.

तालुक्यांचा क्रम कायम आहे. लाल असलेला कळमेश्वर वर आणावा असा मोह होतो, आणि कितीतरी चांगले लोक तसे करतात. मी तसे करू नका म्हणतो. लाल कुठे आहे ते ‘थोडक्यात’च्या ओळीने आधीच सांगितले आहे. तालुके दर आठवड्याला गंभीरतेनुसार वरखाली केले, तर हिंगण्याचा माणूस दर वेळी आपली ओळ शोधत बसेल, आणि मागच्या आठवड्याचा अहवाल शेजारी धरून पाहणाऱ्याला काहीच जुळणार नाही. ओळ जागेवर राहिली की फक्त बदललेली गोष्ट उठून दिसते. नरखेड तीन आठवडे हिरवा होता आणि आज त्याच जागी पिवळा आला, हे न वाचताही जाणवते.

स्थितीचा शब्द ओळीच्या सुरुवातीला आहे. मराठीत लिहिणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण आपल्या वाक्यात क्रियापद आणि त्याच्यासोबतचा नकार अगदी शेवटी येतो. ‘कळमेश्वर तालुक्यातील बैठकांसाठी लागणाऱ्या गाडीची मागणी गुरुवारी कार्यालयाकडे लेखी पाठवलेली असून तिला अद्याप मंजुरी मिळालेली नाही.’ चाळणाऱ्याची नजर ‘मागणी पाठवलेली’ इथवर पोचते आणि पुढच्या ओळीवर उडी मारते. त्याच्या लेखी काम झाले. नजर पडद्यावर कशी फिरते याचा अभ्यास नील्सन नॉर्मन ग्रुपने २००६ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात दिसले की लोक ओळींची सुरुवात पाहत डाव्या कडेने खाली उतरतात आणि ओळींची शेपटे सोडून देतात. ते वाचक इंग्रजीचे होते, पण आपणही डावीकडूनच वाचतो, आणि आपल्या भाषेत ‘नाही’ नेमके शेपटात असते. म्हणून ‘मंजुरी बाकी: कळमेश्वरची गाडी, गुरुवारी मागितली’ असे लिहा. वाक्य मोडले तरी चालेल. रंगांखेरीज अहवालात ‘झाले’, ‘चालू’, ‘अडले’, ‘बाकी’, ‘नोंद नाही’ एवढेच पाच शब्द स्थितीसाठी ठेवा आणि सहावा येऊ देऊ नका.

रंग कोण ठरवतो, हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. तो लिहिणाऱ्याच्या मनावर सोडला तर दोन महिन्यांत अहवाल हिरवागार होतो. कोणी मुद्दाम फसवत नाही. माणसाला वाटते, आत्ता पिवळे कशाला, पुढच्या आठवड्यात सुधारेल. म्हणून रंगाचा नियम आधी लिहून ठेवायचा. आपल्या टीमने असा ठरवला आहे: आठ किंवा अधिक पतंग सलग तीन दिवस, किंवा २० पैकी दोन बोंडे किडकी, की लाल. पाच ते सात पतंग, किंवा एक बोंड, की पिवळा. त्याखाली हिरवा. लाल आकडा शास्त्रज्ञांचा आहे, पिवळा टीमने आपल्या सावधगिरीसाठी ठरवला आहे. आकडा आला की रंग आपोआप ठरतो. लिहिणाऱ्याला ना धाडस करावे लागते ना लपवावे लागते.

आकडा कोणता लिहायचा, हेही आधी ठरले पाहिजे, नाहीतर नियम असूनही गोंधळ होतो. समजा, कळमेश्वरच्या चार शेतांपैकी एकात शेवटच्या तीन रात्री ९, ११ आणि १२ पतंग आले आणि उरलेल्या तीन शेतांत एक-एक. चारही शेतांची सरासरी काढली तर ती तीन-साडेतीनच्या आसपास येईल आणि तालुका हिरवा दिसेल. ज्याच्या शेतात बारा पतंग आले त्याच्या दृष्टीने ही सरासरी निरुपयोगी आहे. म्हणून आपली टीम सर्वांत वाईट शेताचा आकडा देते, आणि त्या शेतातल्या शेवटच्या तीन रात्रींतला सर्वांत लहान आकडा देते. तो लहान आकडा आठ किंवा त्याहून मोठा असेल, तर तिन्ही रात्री पातळी गाठली हे वेगळे सांगावे लागत नाही. वरच्या नमुन्यातला ९ हा असा आला आहे. अहवालात हे स्पष्टीकरण दर आठवड्याला द्यायचे नाही. ते एका वेगळ्या पानावर, साच्याच्या नियमांत, एकदाच लिहून ठेवायचे.

सावनेरच्या ओळीत ‘नोंद नाही’ आहे. तिथे मागच्या आठवड्याचा आकडा पुन्हा टाकणे, जागा कोरी सोडणे किंवा शून्य लिहिणे, या तिन्ही गोष्टी सर्रास होतात आणि तिन्ही घातक आहेत. शून्य म्हणजे पाहिले आणि काही सापडले नाही. ‘नोंद नाही’ म्हणजे पाहिलेच नाही. पावसाच्या आठवड्यात नेमका हाच फरक महत्त्वाचा असतो. म्हणून मथळ्यातसुद्धा लाल-पिवळ्याच्या बरोबरीने ‘नोंद नाही १’ मोजलेले आहे. लागोपाठ दोन आठवडे एखाद्या तालुक्यापुढे ‘नोंद नाही’ आले, तर तो लालइतकाच विचारण्याचा विषय समजावा.

तसेच ‘इतर: काही नाही’ ही ओळ. काही नसेल तर ओळच गाळावी, असे वाटते. गाळू नका. ओळ गायब झाली की वाचणाऱ्याला कळत नाही की सांगण्यासारखे नव्हते की लिहायचे राहिले. शिवाय खालच्या सगळ्या ओळी वर सरकतात आणि नजरेची सवय मोडते.

‘निर्णय हवा’च्या ओळीत तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: काय हवे, कोणाकडून हवे, कधीपर्यंत हवे. यांपैकी एकही नसेल तर ती ओळ निर्णयाची नाही, ती तक्रार आहे, आणि तिला इथे जागा नाही. एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त निर्णय मागू नका. पाच मागितले तर एकही मिळत नाही, हा बहुतेक टीमचा अनुभव असतो. जास्त असतील तर त्यासाठी बैठक घ्या.

आठवड्याला क्रमांक द्या. शेतीच्या कामात प्रमाण हवामान आठवडे वापरतात: १ ते ७ जानेवारी हा पहिला, आणि याप्रमाणे ३ ते ९ सप्टेंबर हा छत्तिसावा. या पद्धतीचा मोठा फायदा असा की गेल्या वर्षीच्या छत्तिसाव्या आठवड्याशी सरळ तुलना करता येते. शेतीबाहेरच्या कामात एवढे नको. आपल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापासून एक, दोन, तीन असे धरा. ‘मागच्या महिन्यातला तो अहवाल’ म्हणण्यापेक्षा ‘एकतिसावा’ म्हटले की सगळ्यांना सापडतो.

वार आणि वेळ ठरवताना लिहिणाऱ्याची सोय पाहू नका, निर्णयाची वेळ पाहा आणि तिथून मागे या. समन्वयकाची बैठक सोमवारी सकाळी असेल, तर अहवाल शनिवारी दुपारी बारापर्यंत हवा, म्हणजे नोंदी शुक्रवारी सकाळच्या मोजणीवर थांबवाव्या लागतील. शनिवारी सकाळी आलेला पतंगांचा आकडा पुढच्या अहवालात जाईल. अर्धा तालुका शुक्रवारचा आणि अर्धा शनिवारचा असे झाले की तुलना संपली. एखाद्या शनिवारी माहिती अपुरी असली तरी अहवाल बारालाच जावा, ‘नोंद नाही’ लिहून जावा. उशिरा आलेल्या पूर्ण अहवालापेक्षा वेळेवर आलेला अपुरा अहवाल बरा, कारण वाट कधी पाहायची हे वाचणाऱ्याला माहीत असते.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगतो. साप्ताहिक अहवाल हा धोक्याची घंटा नाही. कळमेश्वरच्या त्या शेतात तिसऱ्या रात्री पातळी ओलांडली, तो दिवस मंगळवार असेल, तर सहकाऱ्याने मंगळवारीच फोन करायचा आहे. शनिवारपर्यंत थांबला तर अळी बोंडात शिरलेली असेल, आणि एकदा ती आत गेली की फवारणीचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. शनिवारच्या ओळीत त्याची नुसती नोंद येते. आपल्या कामात ‘लगेच फोन’ कशासाठी, हे साच्याच्या नियमांच्याच पानावर लिहा. नाहीतर अहवाल आहे म्हणून लोक फोन करायचे थांबतात. असे झाले तर अहवालाने उपकारापेक्षा अपकारच केला.

ज्यांच्या कामात सापळे आणि बोंडे नाहीत, ते विचारतील की आमची पातळी कुठून आणायची. मिहानमधल्या एखाद्या कार्यालयात सॉफ्टवेअर बनवणारे पाचजण असतील, किंवा शाळांना पुस्तके पोचवणारी संस्था असेल. तिथे तारीख हीच पातळी धरा. ठरलेल्या तारखेला काम होणार असेल तर हिरवे. आपली तारीख पुढे गेली, पण आपल्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या माणसाची तारीख हलत नाही, तर पिवळे. पुढच्या माणसाची तारीखही हलली तर लाल. पुस्तके छापखान्यातून तीन दिवस उशिरा येणार आहेत, पण शाळेत पोचवायला अजून दहा दिवस आहेत: पिवळे. शाळा उघडण्याच्या दिवशी पुस्तके नसतील: लाल. हा नियम जवळपास कोणत्याही कामाला लावता येतो, आणि त्यात स्वतःविषयीच्या मताला जागा उरत नाही. तालुक्यांच्या जागी कामांची नावे घाला, बाकी साचा तसाच राहू द्या. आणि पाचजण एकाच खोलीत शेजारी-शेजारी बसत असतील आणि बाहेरचे कोणी वाचणारे नसेल, तर हा सगळा खटाटोप करूच नका. भिंतीवरचा फळा पुरतो.

साचा बिघडतो तो बहुधा चांगल्या हेतूने. कोणीतरी म्हणते, मावा आणि तुडतुड्यांचाही रकाना घाला. दुसरा म्हणतो, शेतकऱ्यांच्या भेटींची संख्याही द्या. दर महिन्याला एक ओळ वाढते आणि दिवाळीपर्यंत अहवाल दोन पानांचा होतो. यावर एक सोपी शिस्त आहे. नवी गोष्ट आधी ‘इतर’मध्येच येईल. लागोपाठ चार आठवडे तीच गोष्ट ‘इतर’मध्ये आली आणि तिच्यावरून कोणी काही केले, तर तिला कायमची ओळ मिळेल. ओळ घालायची तर हंगामाच्या मध्ये नाही, आणि घालण्याच्या आदल्या आठवड्याच्या अहवालात ‘पुढच्या वेळेपासून माव्याची ओळ येईल’ असे सांगून.

साचा लागू पडला की नाही, हे कसे ओळखायचे? महिन्याभराने एखाद्या वाचणाऱ्याला ताजा अहवाल अर्धा मिनिट दाखवा, मग फोन खाली ठेवायला सांगा आणि तीन प्रश्न विचारा. कुठे अडले आहे? तुमच्याकडून काय हवे आहे? मागच्यापेक्षा बरे की वाईट? तिन्हींची उत्तरे आली तर साचा ठीक आहे. पहिल्याचे आले नाही तर ‘थोडक्यात’ची ओळ लांबलेली असते. दुसऱ्याचे आले नाही तर ‘निर्णय हवा’मध्ये माणसाचा उल्लेख नसतो. तिसऱ्याचे आले नाही तर कंसातले मागचे आकडे सुटलेले असतात. आणखी एक खूण म्हणजे रविवारी-सोमवारी येणारे फोन. ज्या गोष्टी अहवालात आहेत त्याच लोक फोनवर विचारत असतील, तर त्या अशा जागी आहेत जिथे नजर जात नाही. अशा वेळी ‘अहवाल वाचत जा’ असे रागाने सांगून उपयोग नाही. प्रश्न लिहून ठेवा. एकच प्रश्न तीनदा आला की ती ओळ वर न्या, आणि तेही हंगाम संपल्यावर.

आता वाचणाऱ्यांना, विशेषतः वरिष्ठांना सांगायचे आहे. ज्या दिवशी तुम्ही लाल ओळ पाहून सहकाऱ्याला बैठकीत सर्वांसमोर झापाल, त्याच्या पुढच्या शनिवारी लाल ओळ दिसणार नाही. पतंग तेवढेच असतील, फक्त शेत बदललेले असेल. सहकारी सर्वांत वाईट शेताऐवजी दुसरे शेत निवडेल, आणि ते तुम्हाला कधी कळणार नाही. लाल ही त्याची चूक नसते, ती अळीची खबर असते. तुमचे काम एवढेच की ‘निर्णय हवा’च्या ओळीला सांगितलेल्या वेळेच्या आत हो किंवा नाही असे उत्तर द्यावे. ‘नाही’सुद्धा चालते. गाडी मिळणार नाही हे सोमवारी सकाळी कळले तर तो मोटारसायकलवर एका तरी गावाला जाऊन येईल. उत्तरच आले नाही असे दोन-तीनदा झाले, की ती ओळ रिकामी राहू लागते आणि सगळे व्यवस्थित चालले आहे असा तुमचा समज होतो.

लिहिणारा एकच असावा, पण साचा त्याच्या डोक्यात राहू नये. पोळ्याला किंवा दिवाळीला तो सुटीवर गेला की बदली माणूस स्वतःच्या पद्धतीने लिहितो आणि दोन महिन्यांची सवय एका शनिवारी मोडते. म्हणून मघाशी सांगितलेले नियमांचे पान हवे: ओळींचा क्रम, पाच शब्द, रंगांच्या पातळ्या, आकडा कोणता धरायचा, नोंदी कधी थांबवायच्या, लगेच फोन कशासाठी. एक पान पुरते. बदली माणसाने पहिला अहवाल लिहिताना मागचा अहवाल समोर ठेवून फक्त आकडे बदलावेत.

साच्याला हात लावायची वेळ जानेवारीत येते, कपाशी निघाल्यावर. फरदड ठेवायची नाही हे शेतकऱ्यांना सांगून झालेले असते आणि सापळे काढून आणलेले असतात. त्या वेळी हंगामातले सगळे अहवाल छापून टेबलावर ओळीने मांडा. एकेका ओळीवर बोट ठेवून टीमला विचारा की या ओळीवरून हंगामभरात कोणी एकदा तरी काही केले का: गाडी पाठवली, बैठक घेतली, सापळे वाढवले, कोणाला फोन केला. ज्या ओळीपुढे कोणाला काहीच आठवले नाही ती काढून टाका, आणि तिच्या जागी दुसरी घालण्याची घाई करू नका.